निफ्टी ऑप्शनच्या परताव्याचा अंदाज : एका मॉडेलच्या तपासणीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

मॉडेलची पहिली पूर्ण चाचणी आज संपली आणि निकाल इतका चांगला आला आहे की पुढचे काही आठवडे तो खोडून काढण्यातच घालवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. कामाचे स्वरूप साधे आहे. निफ्टीचा साप्ताहिक ऑप्शन आज बाजार बंद होताना घेतला, त्यातला निर्देशांकाच्या चढउताराचा भाग फ्युचर्सच्या उलट सौद्याने काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी बंद होताना तो विकला, तर प्रीमियमच्या किती टक्के नफा किंवा तोटा होईल, याचा अंदाज मॉडेलने द्यायचा आहे. या आकड्याला नोंदींमध्ये पुढे ‘हेज केलेला परतावा’ म्हटले आहे. विदा फेब्रुवारी २०१९ पासूनची, म्हणजे निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन सुरू झाले तेव्हापासूनची, ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंतची आहे. ऑप्शनचे भाव मिनिटवार आहेत, निर्देशांकाचा बंद भाव दैनिक फाइलमधून घेतला आहे आणि मॉडेल निर्णयवृक्षांच्या समूहाचे आहे.

मॉडेलने सर्वाधिक महत्त्व तीन गोष्टींना दिले आहे : ऑप्शनच्या भावातून निघणारा अपेक्षित चढउतार म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, त्याच स्ट्राइकच्या कॉल व पुटच्या व्होलॅटिलिटीमधला फरक, आणि एक्स्पायरीला उरलेले दिवस. तिन्ही गोष्टी अर्थपूर्ण वाटतात, आणि संशय येण्याचे एक कारण तेच आहे. मूर्खपणाचे फीचर वर आले असते तर चूक लगेच दिसली असती.

६ नोव्हेंबर

सर्वांत आधी विभागणी तपासली, कारण ती चूक शोधायला सर्वांत सोपी होती. पहिल्या चाचणीत ओळी यदृच्छेने वाटल्या होत्या : ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के तपासायला. एकाच दिवशी चाळीसेक स्ट्राइकचे कॉल व पुट आमच्या फाइलमध्ये असतात आणि त्या सर्वांचा परतावा त्या एकाच दिवसाच्या हालचालीने ठरतो. त्यामुळे २४,००० चा कॉल शिकवणीत आणि त्याच दिवसाचा २४,०५० चा कॉल तपासणीत गेला, की प्रश्नपत्रिका फुटलीच म्हणायची. वृक्षाला तारीख सांगितलेली नसली तरी इंडिया व्हिक्स या अपेक्षित चढउताराच्या निर्देशांकाचा दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा हा त्या दिवसाचा जवळजवळ ओळखक्रमांकच असतो. मॉडेलने त्यावरून दिवस ओळखला आणि त्या दिवसाचे उत्तर पाठ केले.

नुसते तारखेनुसार गट केल्याने भागत नाही. आपला सौदा आज उघडून उद्या बंद होतो, म्हणून शिकवणीतल्या शेवटच्या दिवसाचे उत्तर तपासणीच्या पहिल्या दिवशी तयार होते. आता शिकवणीत फक्त तेच सौदे घेतो, जे तपासणीचा काळ सुरू होण्यापूर्वी बंद झालेले आहेत, आणि तपासणी नेहमी नंतरच्या काळावर करतो.

```python
for a, b in zip(cuts[:-1], cuts[1:]):
    train = df[df.exit_ts < a]
    test = df[(df.entry_ts >= a) & (df.entry_ts < b)]
```

या दुरुस्तीने निकालाचा मोठा भाग गेला, पण सगळा गेला नाही. एक गोष्ट मात्र या निमित्ताने स्पष्ट झाली. फाइलमध्ये लाखो ओळी असल्या, तरी एकमेकांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र अशी निरीक्षणे फार तर सोळाशे-सतराशे दिवसांचीच आहेत, आणि एक्स्पायरीशी संबंधित प्रश्न विचारला तर हाती जेमतेम साडेतीनशे आठवडे उरतात. वृक्षांची खोली ठरवताना आम्ही लाखोंच्या भ्रमात होतो.

१२ नोव्हेंबर

आजची नोंद लांब आहे, कारण आजचा दोष सर्वांत शिकवण्याजोगा आहे.

कॉल आणि पुट यांच्या व्होलॅटिलिटीमधला फरक इतका प्रभावी का ठरतो, हे पाहण्यासाठी मॉडेलला सर्वाधिक खात्री वाटलेले पन्नास सौदे काढून हाताने तपासले. त्यांतील बहुतेक दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात बाजार एकाच दिशेने सरकलेला होता. तेव्हा लक्षात आले की, निर्देशांकाचा अधिकृत बंद भाव हा साडेतीन वाजताचा भाव नसतोच. घटक समभागांच्या शेवटच्या अर्ध्या तासातील भारित सरासरी भावांवरून तो काढला जातो. ऑप्शनचा भाव मात्र आम्ही ३ वाजून २९ मिनिटांचा घेत होतो. म्हणजे एका सूत्रात दोन वेगवेगळ्या वेळांचे भाव घातले जात होते.

याचा परिणाम आकड्यांत मांडतो. समजा, दुपारी तीन ते साडेतीन या वेळेत निफ्टी २४,१२० पासून सारख्या गतीने २४,००० पर्यंत उतरला. सरासरीनुसार बंद भाव साधारण २४,०६० येईल, पण ऑप्शनचे सौदे करणाऱ्यांच्या समोर शेवटी २४,००० हाच भाव होता. एक्स्पायरीला सात दिवस आहेत, खरी व्होलॅटिलिटी १२ टक्के आहे आणि व्याज सोडून दिले, तर २४,००० चा कॉल आणि पुट दोन्ही सुमारे १५९ रुपयांना असतील. आता आमच्या सूत्राला निर्देशांक २४,०६० आहे असे सांगितले जाते. त्या पातळीला १२ टक्क्यांनी कॉल सुमारे १९१ रुपयांचा असायला हवा होता. तो १५९ ला दिसतो, म्हणून सूत्र त्याची व्होलॅटिलिटी ९.६ टक्क्यांच्या आसपास काढते. पुट १३१ चा असायला हवा होता, तोही १५९ ला दिसतो, म्हणून त्याची व्होलॅटिलिटी १४ टक्क्यांच्या वर जाते. बाजारात कोणाच्याही मनात नसलेला साडेचार टक्क्यांचा फरक आमच्या फाइलमध्ये जन्माला आला.

इथवर हा फक्त फीचरमधला गोंधळ आहे, आणि गोंधळामुळे मॉडेल बिघडायला हवे, सुधारायला नको. पण तीच चूक उत्तरातही आहे. दुसऱ्या दिवशी बाजार २४,००० वरच स्थिर राहिला आणि एका दिवसाच्या घसाऱ्याने कॉल १४७ वर आला, तर हेज केलेला खरा परतावा १२ रुपयांच्या तोट्याचा, म्हणजे प्रीमियमच्या सुमारे साडेसात टक्के उणे आहे. आमची फाइल मात्र म्हणते की, निर्देशांक २४,०६० वरून ६० अंकांनी पडला, निर्देशांकाच्या एका अंकामागे ऑप्शन अर्धा रुपया हलतो म्हणून आपण निम्मे फ्युचर्स विकलेले होते, त्यामुळे तिथे ३० रुपये मिळाले, आणि एकूण १८ रुपयांचा नफा झाला. पुटच्या बाबतीत याच हिशेबाने ४२ रुपयांचा तोटा दिसतो. ‘कॉल स्वस्त, पुट महाग’ हा इशारा आणि ‘कॉल घेतला तर नफा, पुट विकला तर नफा’ हे उत्तर, दोन्ही एकाच खोट्या ६० अंकांतून आले. ते ३० रुपये कोणालाच मिळालेले नाहीत.

या दोषाला भविष्यातली माहिती लागत नाही, म्हणून काळानुसार केलेल्या विभागणीने तो सापडतही नाही. २०१९ मध्ये तो होता, २०२५ मध्येही आहे, त्यामुळे तपासणीच्या प्रत्येक काळात तो ‘टिकाऊ संबंध’ म्हणून दिसत राहतो. आमच्यासारख्यांना सर्वांत जास्त फसवतो तो हाच गुण.

उपाय म्हणून निर्देशांकाचा बंद भाव काढूनच टाकला. त्याच मिनिटाचे कॉल आणि पुट घेऊन, स्ट्राइकमध्ये कॉलचा भाव मिळवून पुटचा भाव वजा केला, की व्याजाचा किरकोळ भाग सोडता त्या एक्स्पायरीचा अपेक्षित भाव मिळतो. वरच्या उदाहरणात २४,००० अधिक १५९ उणे १५९, म्हणजे २४,०००. हेजचा हिशेब त्याच मिनिटाच्या फ्युचर्सच्या भावाने केला. त्यानंतर कॉल-पुट फरकाचे फीचर क्रमवारीत इतके खाली गेले की ते ठेवायचे की काढायचे यावर चर्चाही झाली नाही.

१४ नोव्हेंबर

त्याच जातीचा लहान दोष स्वस्त ऑप्शनमध्ये उरला होता. एका पुटला घेणाऱ्याची ३.८० ची बोली आणि विकणाऱ्याची ४.२० ची मागणी आहे, शेवटचा सौदा ४.२० ला झाला. दुसऱ्या दिवशी काहीही न बदलता शेवटचा सौदा मधल्या ४.०० ला झाला, तरी फाइलमध्ये जवळजवळ पाच टक्क्यांचा तोटा दिसतो, आणि आदल्या दिवशीची व्होलॅटिलिटी थोडी चढी दिसते. ‘चढी व्होलॅटिलिटी म्हणजे पुढे तोटा’ हा नियम मॉडेल यातूनही शिकते. आता सर्व फीचर ३ वाजून १५ मिनिटांच्या भावांवरून काढतो आणि खरेदीचा भाव ३ वाजून २५ मिनिटांचा, तोही मागणीच्या बाजूचा धरतो. दहा मिनिटांच्या या अंतराने जो संबंध मरतो, तो मुळात संबंध नव्हता.

१९ नोव्हेंबर

गाळणीचे नियम वाचले. ते मीच सप्टेंबरमध्ये लिहिले होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला बोल लावता येत नाही.

नियम असा होता की, खरेदीच्या आणि विक्रीच्या दोन्ही दिवशी ऑप्शनचा भाव किमान ५ रुपये असावा आणि दोन्ही दिवशी सौदे झालेले असावेत. हेतू चांगला होता. एक्स्चेंजच्या जुन्या स्वरूपाच्या दैनिक भावकॉपीत `CONTRACTS` शून्य असलेल्या ओळीतही `CLOSE` मध्ये आकडा असे, आणि तो खरा भाव समजण्याची चूक टाळायची होती. पण विक्रीच्या दिवसाची अट खरेदीच्या दिवशी कोणालाच माहीत नसते. दूरच्या स्ट्राइकचे चार ऑप्शन प्रत्येकी १२ रुपयांना घेतले असे समजू. दुसऱ्या दिवशी दोन २ रुपयांवर आले, एक १४ वर आणि एक ३० वर गेला. एकूण ४८ चे ४८ झाले, परतावा शून्य. आमच्या गाळणीने २ रुपयांचे दोन्ही ऑप्शन काढून टाकले आणि उरलेल्या दोघांचा सरासरी परतावा ८३ टक्के दाखवला. त्यापुढची पायरी अशी की, कोणता ऑप्शन गाळला जाण्याची शक्यता जास्त आहे हे स्ट्राइकच्या अंतरावरून आणि उरलेल्या दिवसांवरून चांगले ओळखता येते. मॉडेल परताव्याचा अंदाज शिकत नव्हते, आमच्या गाळणीचा अंदाज शिकत होते.

दुसरा नियम याहून वाईट होता. टोकाचे एक टक्का परतावे ‘विदेतील चुका’ म्हणून कापले होते, आणि ती एक टक्क्याची सीमा पूर्ण काळावरून काढली होती. कापलेल्या तारखा छापून पाहिल्या, तेव्हा त्यांत ४ जून २०२४ ठळकपणे होती. लोकसभा निकालाच्या त्या दिवशी निफ्टी सुमारे ५.९ टक्के पडला होता. ऑप्शन विकणाऱ्याचे वर्ष ज्या दिवशी ठरते, तो दिवस आमच्या फाइलमध्ये घडलाच नव्हता. मार्च २०२० मधल्या अनेक ओळींचीही तीच गत होती. ज्या मॉडेलचा निम्म्याहून अधिक कल विक्रीकडे आहे, त्याच्यासाठी ही कृपाच म्हणायची.

आता गाळणी फक्त खरेदीच्या वेळी माहीत असलेल्या गोष्टींवर होते. विक्रीच्या दिवशी भाव मिळालाच नाही, तर ओळ काढायची नाही, बोलीच्या बाजूचा शेवटचा उपलब्ध भाव धरायचा, आणि बोलीच नसेल तर किंमत शून्य धरायची. टोकाचे परतावे जसेच्या तसे ठेवले असून, एखादा खरोखर चुकीचा वाटला तर त्या मिनिटाच्या शेजारच्या स्ट्राइकशी ताडून हाताने नोंद करतो.

२७ नोव्हेंबर

सर्व दुरुस्त्यांनंतर जे उरले आहे ते लहान आहे, पण शून्य नाही. ते मुख्यतः ‘आजची व्होलॅटिलिटी किती’ आणि ‘आज कोणता वार, एक्स्पायरीला किती दिवस’ यांच्या संगमातून येते. ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत ते बरे चालते आणि त्यानंतर उलटे होते. केवळ दोन महिन्यांच्या विदेवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते, पण हे दोन महिने साधे नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारवर गेली आहे.

फेब्रुवारी २०१९ पासून साडेसहा वर्षे एक्स्पायरी गुरुवारी होती, त्यामुळे वार आणि उरलेले दिवस ही दोन फीचर व्यवहारात एकच होती. वृक्षाने कोणत्या फीचरवर फांदी फोडली याने त्या काळात काहीच फरक पडत नव्हता, म्हणून त्याने कधी हे, कधी ते घेतले. मंगळवार आल्यावर वाराच्या सर्व फांद्या चुकीच्या ठिकाणी बसल्या. याची पूर्वसूचना जुन्या विदेतच मिळाली असती : गुरुवारी सुट्टी असली की एक्स्पायरी आदल्या कामकाजाच्या दिवशी होत असे, आणि असे आठवडे वेगळे काढून मॉडेल तपासले असते, तर ते वाराला चिकटले आहे की एक्स्पायरीला, हे कळले असते. ती तपासणी आज केली. ते वाराला चिकटलेलेच निघाले.

१ डिसेंबर

वार हे फीचर काढून पुन्हा चालवले. सुधारणा झाली, पण उलटलेपणा पूर्ण गेला नाही. दोन दिवस शोधल्यावर कारण व्होलॅटिलिटीच्या सूत्रातच सापडले.

आम्ही उरलेला काळ कॅलेंडरच्या दिवसांनी मोजत होतो. बाजाराची हालचाल मात्र बहुतांशी कामकाजाच्या दिवशी होते, शनिवार-रविवारी नाही. जुन्या व्यवस्थेत शुक्रवारी बंद होताना पुढच्या गुरुवारच्या एक्स्पायरीला कॅलेंडरचे सहा आणि कामकाजाचे चार दिवस उरत. नव्या व्यवस्थेत शुक्रवारी मंगळवारच्या एक्स्पायरीला कॅलेंडरचे चार आणि कामकाजाचे फक्त दोन दिवस उरतात. कामकाजाच्या दिवसांनी मोजलेली खरी व्होलॅटिलिटी दोन्ही वेळा १२ टक्केच असली, तरी कॅलेंडरच्या सूत्राने जुना शुक्रवार सुमारे ११.८ टक्के दाखवतो आणि नवा शुक्रवार सुमारे १०.२ टक्के. मॉडेलने साडेसहा वर्षांत शिकलेले होते की, १०.२ टक्के म्हणजे ऑप्शन स्वस्त आहे, घ्यावा. आता दर शुक्रवारी ते हाच सल्ला देते. स्वस्त काहीच झालेले नाही, मोजपट्टी मात्र ताणली गेली आहे. इंडिया व्हिक्स तीस दिवसांच्या अपेक्षेवर आधारलेला असल्याने त्यात असा खड्डा दिसत नाही, आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवल्यावर फरक लगेच डोळ्यांत भरतो. हे आम्ही पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते.

आता काळ कामकाजाच्या दिवसांनी मोजतो आणि शनिवार-रविवारला अल्पसा वाटा देतो. तो वाटा किती, हे शिकवणीच्या काळातूनच ठरवतो, नाहीतर भविष्यातली माहिती पुन्हा शिकवणीत गळेल.

८ डिसेंबर

मोजपट्टी सुधारून झाली, म्हणजे संबंध स्थिर झाला असे नाही. काही बदल मोजणीचे नसतात, बाजारात कोण कशासाठी सौदा करतो याचे असतात. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन १३ नोव्हेंबर २०२४ ला शेवटचे संपले, कारण सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला साप्ताहिक एक्स्पायरीसाठी एकच निर्देशांक ठेवायला सांगितले. २० नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लागू झाले, आणि निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ वर गेला. त्याआधी १ ऑक्टोबरपासून ऑप्शनच्या विक्रीवरचा रोखे व्यवहार कर प्रीमियमच्या ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला होता. एक्स्पायरीच्या दिवशी प्रीमियम विकणाऱ्याचा खर्च वाढला, तर त्या दिवशीचा प्रीमियम पूर्वीइतक्याच प्रमाणात महाग राहील असे मानायला आधार नाही.

म्हणून निकाल एका सरासरीत मांडणे बंद केले. नोव्हेंबर २०२४ पूर्वीचा काळ, तिथून ऑगस्ट २०२५ पर्यंतचा आणि त्यानंतरचा, असे तीन तुकडे वेगळे दाखवतो. पहिल्या तुकड्यात उरलेला संबंध खर्च वजा जाता थोडा नफ्यात आहे. दुसऱ्यात त्याची दिशा तीच आहे, पण खर्चाने तो खाऊन टाकला आहे. तिसऱ्यात विदा इतकी तोकडी आहे की दिशेबद्दलही बोलत नाही. केवळ ताज्या काळावर मॉडेल शिकवावे, अशी सूचना सहकाऱ्याने केली होती. ती तर्काने बरोबर आहे, पण ताज्या काळात एक्स्पायरी मोजक्याच आहेत आणि त्यांत ४ जूनसारखा एकही दिवस नाही. जुनी विदा चुकीच्या बाजाराची आणि नवी अपुरी, या पेचातून आम्हाला अजून वाट सापडलेली नाही.

१५ डिसेंबर

फीचरची यादी, गाळणी आणि मॉडेलची फाइल आज गोठवली. यापुढे रोज ३ वाजून १५ मिनिटांच्या भावांवरून अंदाज काढायचा, ३ वाजून २० मिनिटांपूर्वी वेळेच्या शिक्क्यासह साठवायचा आणि परतावा दुसऱ्या दिवशी जोडायचा, सौदा करायचा नाही. कोणताही दोष सापडला तरी जुने अंदाज पुन्हा काढायचे नाहीत, त्या दिवशीचा अंदाज चुकीचा म्हणूनच राहील. पहिला अंदाज आज साठवला. उद्या मंगळवार असल्याने आजच्या ऑप्शनला एकच दिवस उरला आहे, आणि मॉडेल विक्री सुचवते आहे.